वेळ बदलली की पात्रताही तपासावी

कराड, बुधवार

चि. सोनूस,


रविवारच्या रक्तदान शिबिराची वेळ सकाळी ९ ऐवजी दुपारी ३ ते ६ झाली आहे. नोंदणी केलेल्यांना कळवायचं काम तू घेतलंस. तुझा मसुदा वाचला. ‘वेळ बदलली आहे, कृपया नोंद घ्यावी’ एवढंच लिहून थांबू नकोस. सकाळी रक्त देऊ शकणारा माणूस दुपारी अपात्र ठरू शकतो आणि सकाळी परत जाणारा दुपारी पात्र होऊ शकतो. म्हणून आधी यादी हातात घे आणि व्यवसायाचा रकाना वाच.

लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्याने रक्त दिल्यावर पुढच्या ड्यूटीआधी किमान २४ तास जाऊ द्यावे लागतात. रक्तदानानंतर काही तासांनीही एखाद्याला चक्कर येऊ शकते, आणि ती स्टिअरिंगवर आली तर काय होईल, हे सांगायला नको. समज, आपल्या यादीतल्या ट्रकचालकाला सोमवारी सकाळी १० वाजता निघायचं आहे. रविवारी ९ वाजता त्याने रक्त दिलं असतं, तर मध्ये २५ तास मिळाले असते. आता ३ वाजता दिलं, तर १९ तासच उरतात. त्याला निरोप धाडून भागणार नाही, फोन कर. ड्यूटी पुढे ढकलता येत नसेल तर पुढच्या शिबिरात नाव घाल. अग्निशमन दलातले आणि अंगमेहनतीचं जड काम करणारे यांनाही हाच नियम आहे.

उलट, कारखान्यात रात्रपाळी करणारे सकाळी थेट पाळीवरून आले असते, तर झोप झाली नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना थांबवलं असतं. त्यांना आता सांग, की घरी जा, पुरती झोप घ्या, उठून जेवा आणि मग या.

जेवणाचं नीट समजावून सांग. सकाळचं शिबिर असतं तर पोहे-उपमा खाऊन येणं पुरे होतं. आता तसं नाही. दहाला नाश्ता करून चारला आलेला माणूस उपाशीच असतो, आणि खुर्चीवरून उठताना चक्कर येते ती बहुधा अशांनाच. शेवटचं खाणं चार तासांपेक्षा जुनं नको. तीन-चारला येणाऱ्याने साडेबारा-एकला भाकरी किंवा पोळी, भाजी, वरण-भात असं साधं जेवण घेतलेलं बरं, उशिरा येणाऱ्याने त्या मानाने उशिरा. पुऱ्या, भजी असं तेलकट मात्र नको. तुपातेलाच्या जेवणानंतर रक्तातला द्रव भाग दुधासारखा गढूळ दिसतो, मग तपासण्या नीट करता येत नाहीत आणि दिलेलं रक्त वाया जाऊ शकतं. निघताना अर्धा लिटर पाणी प्यायला सांग. दुपारच्या उन्हात हे विशेष जपायला हवं.

रविवारी संकष्टी आहे. उपवास धरणाऱ्याचं रक्त घेत नाहीत. ‘साबुदाण्याची खिचडी खाल्लीय की’ असं सांगणारे भेटतील, पण रात्री आठला जेवलेल्या माणसाला दुपारी तीनपर्यंत पूर्ण जेवणाविना १९ तास झालेले असतात. त्यांनी त्या दिवशी उपवास सोडावा किंवा पुढच्या वेळी यावं. निवड त्यांची, आग्रह करू नकोस.

बाकीचे निकष वेळेने बदलत नाहीत, तरी एका ओळीत आठवण दे. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देणाऱ्याचं ६० पेक्षा जास्त नको. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे १२० दिवस झालेले हवेत. वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा गोळ्या-औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना न लपवता सांगावं. परत पाठवलं तर त्यात कमीपणा नाही, हेही लिही.

निरोप असा धाड आणि त्याखाली निकषांची ओळ जोड:

‘रविवारचं शिबिर आता दुपारी ३ ते ६. येण्याआधी चार तासांच्या आत साधं जेवण करा, तेलकट टाळा. निघताना अर्धा लिटर पाणी प्या. संकष्टीचा उपवास असल्यास तो सोडून या किंवा पुढच्या शिबिरात या. रक्त दिल्यापासून २४ तासांत गाडी चालवण्याची किंवा जड कामाची ड्यूटी असल्यास आधी कळवा. नवी वेळ जमते का, हो किंवा नाही उत्तर द्या.’

शेवटची ओळ गाळू नकोस. शनिवारी दुपारपर्यंत ज्यांचं उत्तर आलं नसेल, त्यांना फोन कर. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करून मला दे, म्हणजे किती पिशव्या आणि किती खाटा लागतील हे रक्तपेढीला संध्याकाळी कळवता येईल.

तुझा,
मामा