आठशेची बोली, साडेचौदाशेचं घड्याळ

ब्रिटनमधल्या एखाद्या छोट्या लिलावघराच्या ऑनलाइन विक्रीत साठच्या दशकातलं ओमेगा कॉन्स्टेलेशन आलंय असं समजा. पायपॅन डायल, मॉडेल 168.005. स्क्रीनवर आकडा दिसतो 800 पौंड. हा झाला फक्त हॅमरचा भाव. बिल वेगळंच येतं.

हॅमरच्या भावावर लिलावघर बायर्स प्रीमियम लावतं. तो 26 टक्के धरू. त्यावर 20 टक्के व्हॅट, म्हणजे प्रत्यक्षात 31.2 टक्के. बोली एखाद्या त्रयस्थ वेबसाइटवरून लावली, तर तिचं कमिशन वेगळं. 5 टक्के धरलं, तर व्हॅटसकट 6. एकूण गुणक झाला 1.372. आठशेचे झाले 1,098. विमा आणि कुरियरचे साठ आणि सर्व्हिसिंगसाठी तीनशे राखून ठेवले, की 1,458. लिलावघराच्या स्वतःच्या साइटवर नोंदणी केली, तर ते 6 टक्के बहुतेक वेळा वाचतात. लोक आळसापायी हे करत नाहीत.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने करावा. खिशात 1,500 आहेत. त्यातून साठ आणि तीनशे वजा केले की उरतात 1,140. त्याला 1.372 ने भागलं की 831. बोली पन्नासच्या टप्प्याने चढत असेल, तर तुमची शेवटची बोली 800. तेवढीच कमाल मर्यादा म्हणून आधी भरून ठेवावी. यंत्रणा गरजेपुरतीच चढवते. बहुतेक ऑनलाइन लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते. त्यामुळे अखेरच्या सेकंदाला टपून बसण्यात अर्थ नाही, उलट ईर्ष्येला पेटायला मोकळीक मिळते.

आता कंडिशन रिपोर्ट. त्यात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते अधिक महत्त्वाचं. ‘तपासणीवेळी चालू’ म्हणजे त्या क्षणी काटा फिरत होता, एवढंच. वेळ बरोबर दाखवतं असं कुणी म्हटलेलं नाही. ‘वयोमानानुसार झीज’ या शब्दांत सगळं मावतं. आणि डायल रंगवल्याचा उल्लेख नाही म्हणून ते मूळ आहे, असं होत नाही. मोठ्या लिलावघरांच्या अटींतही स्पष्ट असतं की जुनी घड्याळं दुरुस्त झालेली असतात आणि प्रत्येक सुटा भाग मूळ असल्याची हमी मिळत नाही.

तेव्हा ईमेल करून तीन फोटो मागावेत. पहिला, डायलचा अगदी जवळून. अक्षरं जाड, फुगलेली किंवा मिनिटांच्या रेघा खुणांच्या पट्ट्यांशी न जुळणाऱ्या असतील, तर डायल पुन्हा रंगवलंय. अशी रंगरंगोटी केलेली स्वस्त घड्याळं जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. आपल्या शहराची ही ख्याती अभिमानाने मिरवण्यासारखी नाही. दुसरा, मागच्या झाकणाचा, बाहेरून आणि आतून. बाहेर वेधशाळा आणि आठ तारे कोरलेले असतात. ते पुसट आणि पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा गोल असतील, तर केस पॉलिश करून झिजवलंय. आत 168.005 हा आकडा हवा. तिसरा, मशीनचा: तांबूस झळाळी आणि 561 हा क्रमांक. फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर तो लॉट सोडून द्यावा.

कागदपत्रांनीही निर्धास्त होऊ नये. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात 1957 चं ओमेगा स्पीडमास्टर 2915-1 प्रीमियमसकट 31 लाख 15 हजार 500 स्विस फ्रँकला गेलं. 2023 मध्ये उघड झालं, की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलं होतं. खुद्द ओमेगाने आपल्या माजी कर्मचाऱ्यांचा यात हात असल्याचं जाहीर केलं. तेव्हा आठशे पौंडांच्या घड्याळासोबतच्या पिवळ्या पडलेल्या कागदाला किती वजन द्यायचं, ते ठरवा.

परतीच्या अटी बोली लावण्याआधी वाचाव्यात. बनावट ठरल्यास परतीची मुदत वेगळी, आणि ‘आहे तसं’ विकलेल्या मालाच्या दोषांना बहुधा दादच नाही. ब्रिटनमध्ये लोक स्वतः हजर राहू शकतील अशा जाहीर लिलावाला ऑनलाइन खरेदीचा चौदा दिवसांचा रद्द करण्याचा हक्क लागू होत नाही. पार्सल आलं की उघडतानाच व्हिडिओ काढावा आणि लगेच घड्याळजीकडे झाकण उघडून घ्यावं.

घड्याळ भारतात आणायचं असेल, तर वरच्या हिशेबात आणखी भर पडते. सीमाशुल्क घड्याळासह वाहतूक-विम्याच्या रकमेवर बसतं, आणि ते धरून झालेल्या बेरजेवर जीएसटी. शिवाय आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली माल सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित वर्गात मोडते. म्हणून बोलीआधीच कस्टम ब्रोकरकडून दर आणि परवानगी दोन्ही विचारून घ्यावं. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल, तर वन्यजीव-नियमांची अडचण टाळायला तो काढूनच पाठवायला सांगावा.