कायद्याची मराठी प्रत कोर्टात कितपत चालते?



शाळेच्या कामात आपल्याला कायद्याची पुस्तकं लागतातच. 'खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम', 'शुल्क विनियमन अधिनियम' अशी मराठी पुस्तकं बहुतेक मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. वाद झाला की आपण त्यातलं कलम काढतो, त्याखाली लाल रेघ मारतो आणि वकिलांकडे जातो. वकील ते बाजूला ठेवून इंग्रजी प्रत उघडतात. यात त्यांचा मराठीवर राग नसतो, त्यामागे राज्यघटनेतलं एक कलम आहे. आज तेच नीट समजून घेऊ.

ते कलम म्हणजे ३४८. त्यात म्हटलंय की सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयांचं कामकाज, तसंच विधेयकं, अधिनियम, अध्यादेश, नियम, आदेश यांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतील. 'प्राधिकृत पाठ' म्हणजे अर्थाचा वाद निघाला तर न्यायालय ज्या मजकुराकडे बघेल तो. पण विधानमंडळाने कायद्यासाठी स्वतःची भाषा ठरवली असेल तर काय? त्याचं उत्तर ३४८च्या तिसऱ्या खंडात आहे. अशा वेळी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हाच त्या कायद्याचा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ 'मानला जाईल'. हे 'मानला जाईल' फार महत्त्वाचं. कायदा मुळात मराठीत मंजूर झालेला असला, तरी वरच्या कोर्टात वाचायला हातात येतो तो इंग्रजी अनुवाद, आणि घटनाच त्याला वजन देते.

आपल्याकडे १९६४चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम मराठीला राज्याची राजभाषा ठरवतो. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचं आणि अनुवादाचं काम करतं, 'न्यायव्यवहार कोश' हा त्यांचाच. त्यामुळे 'मराठी प्रत' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू फिरत असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. विधानमंडळाने मराठीतच मंजूर केलेला मूळ मजकूर ही पहिली. इंग्रजीत मंजूर झालेल्या कायद्याचा शासनाने केलेला मराठी अनुवाद ही दुसरी. तिसरी म्हणजे एखाद्या प्रकाशकाने किंवा संघटनेने छापलेलं 'सोप्या मराठीत' पुस्तक. या तिसऱ्याला कोर्टात काहीच स्थान नाही, ते फक्त तुमच्या समजुतीसाठी.

आपल्या हातातली प्रत कोणती, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. राजपत्रातल्या इंग्रजी प्रतीच्या माथ्यावरची ओळ वाचा. घटनेच्या अनुच्छेद ३४८ खंड (३)चा उल्लेख करून 'पुढील इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध करण्यात येत आहे' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर मूळ कायदा मराठी आणि इंग्रजी हा अनुवाद. अशी ओळ महाराष्ट्राच्या अनेक अध्यादेशांवर दिसते. जुन्या कायद्यांच्या बाबतीत बहुतेकदा उलट असतं: मूळ इंग्रजी आणि मराठी हा अनुवाद. केंद्रीय कायद्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९७३च्या प्राधिकृत पाठ (केंद्रीय कायदे) अधिनियमाखाली राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला मराठी पाठ हा मराठीतला प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणून बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याची मराठी प्रत दिसली, तर ती राजपत्रातली आहे की कुणाच्या पुस्तकातली, एवढं आधी विचारा.

आता दोन पाठांत फरक पडला तर? याचं ठळक उदाहरण बिहारचं आहे. तिथे अनुसूचित जमातींच्या यादीत इंग्रजीत 'लोहारा' आणि 'लोहरा' अशी नावं होती, पण हिंदी अनुवादात 'लोहार' असं आलं. लोहार समाज मागासवर्गांच्या यादीत वेगळा होता. हिंदी पाठाच्या आधारे जमातीचा दावा झाला. नित्यानंद शर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंग्रजी पाठ प्राधिकृत आहे, आणि अनुवादातल्या चुकीने यादीत नसलेली जमात यादीत येत नाही. पुढे राज्य सरकारने लोहार समाजाला जमातीचे दाखले द्यायला सुरुवात केली, तेव्हा २०२२ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा अमान्य केलं. हा केंद्राचा आदेश होता, राज्याचा कायदा नव्हता. पण तर्क तोच.

आपल्याकडे 'धनगर' आणि 'धनगड' हा वादही एका अक्षराचाच. महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. ती 'धनगर' अशी वाचावी या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. यादी आहे तशीच वाचायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली महाराष्ट्राच्याच हलबा-कोष्टी प्रकरणात स्पष्ट केलं होतं. निकालाच्या परिणामांवर मतं वेगळी असू शकतात, मला इथे फक्त वाचनाची पद्धत दाखवायची आहे.

तरीही इंग्रजीचा शब्द हा शेवटचा, असं घोकून ठेवू नका. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 'राम रती' खटल्यात (१९७४) दुसरी बाजू मांडली. उत्तर प्रदेशात कायदे हिंदीत होतात. पीठ म्हणालं की इंग्रजी पाठाचा अर्थ संदिग्ध असेल, तर तो संशय दूर करायला हिंदी मूळ पाठ पाहता येतो. मला हे योग्य वाटतं, कारण विधानमंडळाने मतदान केलं ते त्या शब्दांवर. म्हणजे क्रम असा: इंग्रजी स्पष्ट असेल तर इंग्रजी, आणि ती दोन बाजूंनी वाचता येत असेल तर मूळ मराठी मदतीला येते. मराठीच्या जोरावर स्पष्ट इंग्रजी वाक्य मोडायचं मात्र होत नाही.

हे सगळं आपल्या रोजच्या कायद्यावर लावून बघू. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७, त्याचं कलम ९. त्यात शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचा हक्क दिलाय. कुणाला? ज्याला व्यवस्थापनाच्या आदेशाने बडतर्फ केलं, काढून टाकलं, ज्याची सेवा अन्य प्रकारे समाप्त केली, किंवा ज्याची पदावनती केली. आणि ज्याला पदोन्नतीने नेमणूक करताना डावललं.

आता 'डावलणं' हा शब्द बघा. बोलताना आपण म्हणतो, 'मला वर्गशिक्षक करताना डावललं', 'सहलीच्या समितीत डावललं'. कलमातलं डावलणं इतकं सैल नाही. ते पदोन्नतीच्या नेमणुकीपुरतं आहे. मराठी सारांशात नुसतं 'डावलल्यास अपील' असं लिहिलं, तर वाचणाऱ्या बाईंना वाटणार आपल्यालाही हा रस्ता आहे. तसंच 'निलंबन'. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे, आणि कलम ९च्या यादीत ते नाही. तक्रार करायचीच असेल तर तिचा मार्ग वेगळा. 'कार्यमुक्त', 'सेवामुक्त' असे शब्द व्यवस्थापनाच्या पत्रात येतात. त्यावर वकील विचारतात, 'पत्राने नोकरी संपली की नाही?' संपली असेल तर 'अन्य प्रकारे समाप्त' या शब्दांत ते बसू शकतं, मग पत्रात कोणताही गोड शब्द असो.

मुदतीचंही असंच. अपील आदेश मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांत करायचं. समजा पत्रावर तारीख १ जून, पण ते तुम्हाला १० जूनला मिळालं. मोजणी ११ जूनपासून धरली तर जूनचे वीस दिवस आणि जुलैचे दहा, म्हणजे १० जुलै हा शेवटचा दिवस. एखाद्या पुस्तिकेत 'आदेशाच्या तारखेपासून' असं छापलेलं असेल, तर तुम्ही १ जुलैलाच आशा सोडाल. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं, पण चुकीची पुस्तिका वाचली हे कारण त्यांना पटेलच, यावर कुणी भरवसा ठेवू नये. 'पोचपावती ठेवा' हे मी अगदी हट्टाने सांगते ते याचसाठी.

कलम वाचताना आणखी थोडी जोडशब्दांची काळजी घ्यावी. 'आणि' व 'किंवा' यातला फरक अनुवादात सहज घसरतो. 'करील' म्हणजे बंधन, 'करू शकेल' म्हणजे मुभा. 'परंतु' या शब्दाने सुरू होणारा परंतुक मूळ नियमाला अपवाद जोडतो, तो वगळून वाचू नका. एवढं करून इंग्रजी प्रत शेजारी ठेवली, की शब्दागणिक कुठे मेळ बसत नाही ते लक्षात येतं. तिथे पेन्सिलने खूण करा आणि वकिलांना तेवढंच विचारा. पूर्ण पुस्तक घेऊन जायची गरज नाही.

भाषेचं कोर्टागणिक बदलणं पण ध्यानात असू द्या. १९९८च्या अधिसूचनेने राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. म्हणजे जिल्हा पातळीवर तुम्ही मराठीत अर्ज, जबाब, युक्तिवाद करू शकता. उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत, आणि मराठी कागदांना इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे येतात. शाहूपुरीतून तिथे जायला रिक्षा पुरते, पूर्वी मुंबईची एस.टी. लागायची. अंतर कमी झालं तरी भाषा इंग्रजीच आहे, कारण ३४८ तसंच आहे. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान इथे राष्ट्रपतींच्या संमतीने उच्च न्यायालयात हिंदीला मुभा आहे. मराठीला अशी मुभा मुंबई उच्च न्यायालयात नाही.

हल्ली न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. त्यांच्यासोबत सूचना असते की अनुवाद पक्षकाराला समजावं यासाठी आहे, इतर कोणत्याही कामासाठी इंग्रजी निकालच अधिकृत. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एखाद्या निकालातलं मराठी वाक्य कुणी वाचून दाखवलं, तर त्याच निकालाच्या इंग्रजी प्रतीतला परिच्छेद क्रमांक मागा. क्रमांक मिळाला तर दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी वाचा, आणि मगच ठराव लिहा.