दुपारी जेवणानंतर कोणता अभ्यास घ्यावा?

१४ एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुले बसतात. त्यात सगळ्यात कठीण वेळ रात्रीची वाटते, पण आमच्या मते ती दुपारी दीड ते साडेतीनची. जेवण झाले की माना डुलू लागतात आणि घरचे म्हणतात, "भात जास्त झाला."

भाताचा दोष अर्धाच. शरीराच्या रोजच्या घड्याळात झोपेची मोठी ओढ रात्री असते, तशी एक लहान ओढ दुपारी असते. न जेवलेल्यालाही ती येते. पोट गच्च असेल किंवा रात्रीची झोप अपुरी असेल, तर ती वाढते. म्हणून जेवण टाळू नये, बेताने जेवावे आणि त्या वेळेला झेपेल असेच काम द्यावे.

खांदा कॉलनीतल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. औषधाच्या मात्रेची गणिते ती नव्यानेच शिकते आहे. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध आहे आणि द्यायचे आहे १०० मिलिग्रॅम. शंभर भागिले १२५, गुणिले ५, उत्तर ४ मिली. पेंगत असताना टिंब सरकले तर तेच ४० होते, आणि वॉर्डात त्याची किंमत रुग्ण मोजतो. ही गणिते आम्ही तिला सकाळी सातला ठेवायला सांगितली. दुपारी काल शिकलेली मनगटाची ८ हाडे: वही बंद करून नावे लिहायची, मग वही उघडून लाल पेनाने तपासायची. सुटलेली दोन-तीन नावेच पुन्हा लिहायची. एका खोलीच्या घरात टीव्ही आणि लहान भावंडे असली तरी हे काम मध्येच सोडून पुन्हा धरता येते. नव्या धड्याचे तसे होत नाही.

नुसते वाचत बसणे मात्र उजळणी नव्हे. डोळे ओळीवरून फिरतात, अभ्यास झाला असे वाटते, हाती काही राहत नाही. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाऊ लागली की वही मिटावी आणि गजर लावून वीस मिनिटे पडावे. तासभर झोपले तर उठल्यावर डोके अधिक जड होते. साधारण चारनंतर अंग हलके वाटले की नवा धडा घ्यावा.

दुपारीच नव्हे, दिवसभर झोप येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर तो आळस समजू नका. मुलींमध्ये बऱ्याचदा रक्त कमी असते. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मोठ्या मुलीचे ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. आणि झोप उडावी म्हणून जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने जेवणातले लोह अंगी कमी लागते. तासाभराने घ्यावा.