डुलकी लागली हे लहरींवरून कसे ओळखावे?

प्रश्न : डोळे मिटले की अल्फा लहरी दिसतात. मग परीक्षेत अल्फा म्हणजे ‘पेंग’ असे उत्तर चूक का धरतात?

उत्तर : कारण अल्फा ही जागेपणाचीच खूण आहे. डोळे उघडे ठेवून गणित करणाऱ्याच्या आलेखात लहान, वेगवान बीटा लहरी असतात. त्याने डोळे मिटून स्वस्थ बसताच डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ लहरींची अल्फा लय उमटते आणि डोळे उघडताच ती विरते. पेंग येते ती ही लय मोडते तेव्हा. ३० सेकंदांच्या तुकड्यात निम्म्याहून अधिक वेळ अल्फाची जागा ४ ते ७ च्या कमी उंचीच्या थीटा लहरींनी घेतली, की तो झोपेचा पहिला टप्पा. बुबुळेही तेव्हा संथ फिरू लागतात. काहींच्या आलेखात मुळात अल्फा फारशी नसतेच. तिथे बुबुळांच्या या संथ हालचालींचाही आधार घेतात.

गाढ झोपेत मेंदू थंडावतो, तर डेल्टा लहरी एवढ्या उंच का, हा आक्षेप रास्त आहे. पण उंची कामाचे प्रमाण सांगत नाही; असंख्य चेतापेशी एकाच वेळी पेटतात-विझतात, म्हणून त्यांचे विद्युतदाब एकमेकांत मिळतात. जागेपणी त्या आपापल्या तालावर चालतात आणि बेरीज लहान राहते. स्वप्नांच्या आरईएम झोपेतही तसेच घडते, म्हणूनच तिचा आलेख जागेपणासारखा भासतो. तिथे फक्त लहरी पाहणारा फसतो. हनुवटीच्या स्नायूंचा आलेख जवळजवळ सपाट आणि डोळ्यांच्या हालचाली झपाट्याच्या असतील, तर तो माणूस झोपलेला आहे.