मोठा नको, सावकाश श्वास घ्या

"मोठा श्वास घ्या मॅडम, अजून मोठा!" मार्चअखेरच्या गर्दीत बँकेतले सगळे जीव तोडून सांगत होते. मी तसं करत गेले तसतशी अवस्था बिघडत गेली. आधी छातीत धडधड आणि आता आपलं काही खरं नाही ही भीती, मग कपाळ आवळून आल्यासारखी डोकेदुखी, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. शेवटी दोन्ही मनगटं आत वळली, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठे तळहातात दडले. पेन धरता येईना. अर्धांगवायूच झाला असं वाटलं.

दवाखान्यात ऑक्सिमीटरवर ९९ आले, ईसीजीही ठीक निघाला. पॅनिक अटॅक होता. डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकून मी चक्रावले: हवा कमी पडली नव्हती, जास्त झाली होती. घाबरून भराभर श्वास घेतला की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच पुरेसा असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे गरगरतं, डोकं दुखतं. रक्ताची आम्लताही उतरते, त्यात मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चाळवतात. मुंग्या आणि वाकडे हात त्यातूनच. ते पाहून माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी पळतो.

म्हणून भर श्वास सोडण्यावर द्यायचा. बसा, तोंड मिटा, एक हात पोटावर ठेवा. आधी आतली हवा नाकाने हळूहळू सोडा. मग मनात चार मोजेपर्यंत हलकेच आत घ्या, सहा मोजेपर्यंत बाहेर सोडा. पोट हलावं, खांदे नाहीत. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. छाती गच्च भरायची नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जड गेली. सुरुवातीला हवा पुरत नाही असं वाटतं आणि मोठा उसासा टाकावासा वाटतो. तेवढा आवरा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार मोजा. काही मिनिटांत बोटं सैल पडतात. डोकेदुखी माझी तरी थोडी रेंगाळते. घरी शांत असताना रोज सराव केलेला असेल तरच हे ऐनवेळी आठवतं.

कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला मानू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर तो जिवावर बेततो.

पहिल्यांदाच असं झालं तर 'पॅनिक असेल' असं घरीच ठरवू नका, तपासून घ्या. आणि आधी कितीही अटॅक येऊन गेलेले असोत, दुखणं छातीतून हातात किंवा जबड्यात पसरलं, एकाच बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, अचानक असह्य डोकं उठलं, तर आकडे मोजत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. अटॅक वरचेवर येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. श्वासाने आलेला झटका ओसरतो, पण पुढच्या झटक्याच्या धास्तीवर वेगळे उपचार लागतात. माझे चालू आहेत.