रक्तांतील मीठ आणि पाणी यांची राखण

वैशाखाच्या उन्हांत विहिरीचें खोदकाम करणारा मनुष्य दुपारीं झाडाखालीं येतो व तांब्याभर पाणी एका दमांत पितो. दोन-चार मिनिटांत त्याची तहान शमते. परंतु तें पाणी आंतड्यांतून रक्तांत पुरतें उतरावयास यापेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागतो. मग रक्ताला पाणी मिळण्यापूर्वींच तहान कशी भागली? उत्तर असें कीं तोंड, घसा व पोट हीं मेंदूला आगाऊ वर्दी देतात कीं पाणी आलें आहे, आतां थांब. ही वर्दी तात्पुरती असते. रक्ताची खरी गरज भागली नसेल, तर थोड्या वेळानें तहान पुन्हां लागते.

ही खरी गरज कोणती, हें समजण्यास वाचकांनीं एक हंडा डोळ्यांपुढें आणावा. हंड्यांत खारें पाणी आहे. त्याविषयीं दोन प्रश्न विचारतां येतात. पाणी किती खारट आहे, हा एक; व हंडा किती भरलेला आहे, हा दुसरा. हे दोन प्रश्न एक नव्हेत. हंडा अर्धा असूनहि पाणी योग्य तेवढेंच खारट असूं शकेल. आपल्या शरीरांत या दोन प्रश्नांसाठीं दोन निरनिराळे राखणदार आहेत, आणि पुढील सर्व गोष्ट त्यांच्या भांडणावर अवलंबून आहे.

रक्तांतील तांबड्या व पांढऱ्या पेशी वगळल्या म्हणजे जो पातळ भाग उरतो, त्यास रक्तद्रव म्हणतात. त्याच्या एका लिटरांत सोडियम हें तत्त्व सुमारें ८ ग्राम मिठांत असेल तितकें असतें. मेंदूच्या तळाशीं कांहीं पेशी या खारटपणाची सतत चव घेत असतात. खारटपणा शेंकडा एक-दोन इतका जरी वाढला, तरी त्या दोन कामें करितात. एक, तहान लावितात. दुसरें, मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचा स्राव रक्तांत सोडवितात. असे जे स्राव रक्तावाटे दूरच्या अवयवास हुकूम पोंचवितात त्यांस संप्रेरक म्हणतात.

हा हुकूम मूत्रपिंडाकडे जातो. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात. पण लघवी होते अवघी दीड लिटरच्या आसपास. बाकीचें सर्व बारीक नळ्यांतून रक्तांत परत घेतलें जातें. व्हॅसोप्रेसिन आलें म्हणजे शेवटच्या नळ्यांच्या भिंतींत पाण्याच्या वाटा उघडतात, पाणी परत जातें व लघवी थोडी आणि गडद होते. तें नसलें म्हणजे वाटा मिटतात व लघवी पुष्कळ आणि फिकी होते. हें सर्व कांहीं मिनिटांत घडूं लागतें.

हा झाला पहिला राखणदार. दुसरा हंड्याची भरती पाहतो. रक्त कमी झालें व त्याचा दाब उतरूं लागला, कीं मूत्रपिंडच रेनिन नांवाचा पदार्थ रक्तांत सोडतें. त्यापासून पायरीपायरीनें अँजिओटेन्सिन तयार होतें. तें रक्तवाहिन्या आवळतें, तहानहि लावतें, आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरोन हें संप्रेरक काढवितें. अल्डोस्टेरोनाचें काम मीठ राखणें हें आहे. त्याला कांहीं तास, पूर्ण परिणामास दिवसहि लागतात. येथें कोणी विचारील, भरती कमी झाली तर मीठ कां राखावयाचें, पाणी कां नाहीं? कारण असें कीं पहिला राखणदार फार कडक आहे. मीठ आंत राहिलें कीं तो त्याच्या प्रमाणांत पाणी ठेववून घेतोच. म्हणून शरीरांत मीठ किती, यावरच रक्ताची भरती ठरते. उलट भरती फार वाढली तर हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात व मीठ बाहेर टाकविणारें एक संप्रेरक सोडतात; हृदयाचें हें काम १९८१ सालीं उघडकीस आलें.

आतां दोघांचें भांडण पाहूं. लंडन येथील डॉक्टर मॅक्कॅन्स यांनीं १९३० नंतरच्या दशकांत एक प्रयोग केला व १९३६ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं निरोगी माणसांस मिठाविना अन्न दिलें, दररोज उष्णतेखालीं निजवून घाम काढला, आणि पाणी मात्र हवें तेवढें पिऊं दिलें. घामाबरोबर मीठ जात होतें, परत येत नव्हतें. पहिले तीन-चार दिवस त्यांचें वजन उतरत गेलें. मीठ गेलें त्या मानानें शरीरानें पाणीहि टाकून दिलें, यामुळें रक्ताचा खारटपणा जवळजवळ जागच्या जागीं राहिला. म्हणजे पहिल्या राखणदाराचें चाललें. भरती मात्र घटली.

त्यानंतर मीठ जातच राहिलें, तरी वजन उतरणें थांबलें. भरती इतकी घटली होती कीं आतां दुसऱ्या राखणदाराचा शब्द वर झाला. रक्त फार कमी झालें म्हणजे व्हॅसोप्रेसिन खारटपणाकडे न पाहतां सुटतें. यामुळें प्यालेलें पाणी आंतच राहूं लागलें व रक्त अळणी होत गेलें. लघवींत मीठ जवळजवळ दिसेनासें झालें. त्या माणसांस थकवा आला, स्नायूंत गोळे येऊं लागले, अन्नाची चव गेली. तोंडाला तहानेसारखें कांहींसें वाटे, पण पाण्यानें तें जाईना. मीठ खातांच त्यांस झपाट्यानें बरें वाटूं लागलें. अल्डोस्टेरोन १९५३ पर्यंत कोणाच्या हातीं आलें नव्हतें. तथापि त्याचें काम या प्रयोगांत स्पष्ट दिसतें. माझ्या मतें यांतील मोलाची गोष्ट ही कीं शरीर संकटांत खारटपणाचा बळी देऊन रक्ताची भरती वांचवितें.

याचा धोका मेंदूला असतो. रक्त अळणी झालें म्हणजे पाणी पेशींत शिरतें व त्या फुगतात. इतर ठिकाणीं फुगण्यास जागा आहे. कवटींत ती नाहीं. म्हणून डोकें दुखतें, ओकारी येते, मनुष्य भ्रमिष्टासारखा बोलतो, शेवटीं आंचके येतात. तासन् तास घाम गाळून नुसतें पाणीच भराभर पिणाऱ्यांस, लांब पल्ल्याच्या धावपटूंसहि, हें झालेलें आहे. अशा माणसास आणखी पाणी पाजणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. रक्तांतील सोडियम मोजल्याविना निश्चित निदान होत नाहीं, व फार दिवसांची तूट घाईनें भरून काढल्यासहि मेंदूला इजा होते.

बाह्य खुणा थोड्या उपयोगी पडतात. तीव्र तहान, कोरडें तोंड व थोडी गडद लघवी ही पाणी कमी असल्याची खूण होय. पाणी भरपूर पिऊनहि गोळे येणें व उभें राहतांच घेरी येणें, यावरून मिठाचा संशय घ्यावा. तहानेवर सर्वस्वीं विसंबूं नये. वृद्धांची तहान मंद होते, आणि पाणी कमी असूनहि त्यांस तें कळत नाहीं. तसेंच रोजच्या घामाचें मीठ भाकरी, आमटी व कोरड्यास यांतून बहुधा भरून येतें. वरून मीठ घालण्याची गरज थोड्यांनाच असते. ज्यांस रक्तदाबाचा, हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं वैद्यास विचारल्याविना तें मुळींच करूं नये, कारण त्यांच्या हंड्याची भरती आधींच जास्त असूं शकते.