'पासून' आणि इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ

आमचे विद्यार्थी नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहू लागले की त्यात एक वाक्य हमखास येते: 'आय ॲम वर्किंग इन धिस हॉस्पिटल सिन्स फाइव्ह इयर्स.' 'मी पाच वर्षांपासून या रुग्णालयात काम करीत आहे' या निर्दोष मराठी वाक्याचे हे शब्दशः रूपांतर होय. इंग्रजीच्या नियमाने मात्र त्यात दोन चुका आहेत आणि दोहोंचे मूळ मराठीच्या सवयीत आहे.

पहिली चूक 'सिन्स'ची. मराठीत 'पासून' हे एकच अव्यय दोन कामे करते. 'सोमवारपासून' म्हणताना आपण आरंभाचा क्षण सांगतो; 'तीन दिवसांपासून' म्हणताना गेलेल्या काळाची लांबी सांगतो. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. आरंभाच्या क्षणासाठी 'सिन्स', लांबीसाठी 'फॉर'. कोणता शब्द घ्यावा हे ठरविण्यासाठी आम्ही वर्गात एक कसोटी सांगतो: वाक्यातून 'पासून' काढून पाहावे. 'मी तीन दिवस आजारी आहे' हे वाक्य उभे राहते, म्हणून तेथे 'फॉर'. 'मी सोमवार आजारी आहे' हे कोसळते, म्हणून तेथे 'सिन्स'. नुसता आकडा दिसला म्हणून 'फॉर' लिहू नये. 'दोन वाजल्यापासून' यात आकडा असला तरी तो घड्याळावरचा क्षण आहे, म्हणून 'सिन्स टू ओ'क्लॉक'. 'दोन तासांपासून' ही लांबी, म्हणून 'फॉर टू अवर्स'. 'लहानपणापासून', 'शाळा सोडल्यापासून' यांनाही हीच कसोटी लावावी. दोन्हीकडे 'सिन्स' येईल.

शिकविताना बहुतेक वेळ या दोन शब्दांवरच खर्च होतो. आमच्या मते ही चूक त्या मानाने किरकोळ आहे. 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिले तर परीक्षेत गुण जातात, पण अर्थ कळतो. खरा घोटाळा क्रियापदात आहे.

मराठीत भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेली गोष्ट आपण सरळ वर्तमानकाळात सांगतो: 'राहतो', 'राहत आहे', 'करीत आहे'. इंग्रजी तेथे वर्तमानकाळ चालू देत नाही. तेथे 'हॅव' किंवा 'हॅज' घेऊन पूर्ण वर्तमानकाळ वापरावा लागतो. हे नावच विद्यार्थ्याला फसविते. 'पूर्ण' म्हणजे क्रिया संपली, असे तो समजतो आणि चालू असलेल्या नोकरीसाठी हा काळ टाळतो. वस्तुतः 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' यात पाच वर्षे भरली आहेत, काम संपलेले नाही. 'मी येथे काम केले आहे' असा त्याचा अर्थ लावला की गोंधळ सुरू होतो. 'गेली पाच वर्षे करीत आहे' असाच तो लावावा.

काही विद्यार्थी 'हॅव' गाळून 'आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहितात. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, म्हणूनच धोकादायक आहे. साध्या भूतकाळामुळे वाचणारा समजतो की उमेदवाराने ती नोकरी सोडली. मग सध्या हा काय करतो, असा प्रश्न मुलाखतीत निघतो.

हा भेद इतिहासाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल (विषय आमचा, म्हणून मोह आवरत नाही). राज्यघटनेबरोबर १९५० साली अस्तित्वात आलेले मुंबई राज्य १९६० साली विभागले गेले. ते संपले, म्हणून 'बॉम्बे स्टेट लास्टेड फॉर टेन इयर्स.' महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले आणि आजही आहे, म्हणून 'महाराष्ट्र हॅज बीन अ स्टेट सिन्स १९६०.' तेच लांबीने सांगायचे तर 'महाराष्ट्र हॅज बीन अ स्टेट फॉर मोअर दॅन सिक्स्टी इयर्स.' म्हणजे 'फॉर' दोन्ही काळांत चालतो. गोष्ट आज उभी आहे की मिटली, हे क्रियापद सांगते. 'सिन्स'ची रेघ मात्र आजपर्यंत ओढलेली असते, म्हणून 'महाराष्ट्र इज अ स्टेट सिन्स १९६०' असे होत नाही.

'सिन्स'पुढे छोटे वाक्य आले, तर आरंभाची घटना साध्या भूतकाळात राहते: 'शी हॅज लिव्हड इन पुणे सिन्स शी लेफ्ट स्कूल.' शाळा एकदाच सुटली. राहणे चालू आहे.

आता अर्जातील वाक्य असे होईल: 'आय हॅव बीन वर्किंग इन धिस हॉस्पिटल फॉर फाइव्ह इयर्स.' येथे 'हॅव वर्क्ड' लिहिले तरी चालेल. 'बीन वर्किंग'ने काम चालू असल्याचा भाव अधिक ठळक होतो. ओळख किंवा मालकी सांगणाऱ्या क्रियापदांना मात्र हे 'बीन'चे रूप लागत नाही. 'मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखतो' याचे इंग्रजी 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' एवढेच. 'हॅव बीन नोइंग' असे कोणी लिहीत नाही.